चौदा पानांतून दहा प्रश्न

समोरून दार असलेल्या एका वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेतील ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ हा चौदा पानांचा भाग एका पानात बसवण्याचे काम नुकतेच माझ्याकडे आले. त्यातील बहुतेक प्रश्न कोणत्याही ग्राहकाने कधी विचारलेलेच नव्हते. ‘या मशीनमध्ये कंपन नियंत्रणाची कोणती सोय आहे?’ असे कोणी फोन करून विचारत नाही. ‘मशीन जागेवरून सरकते आहे, काय करू?’ असे विचारतात. म्हणून जुना मजकूर कापत बसण्याऐवजी मी तो बाजूला ठेवला, सेवा केंद्राकडून तीन महिन्यांच्या तक्रारींच्या नोंदी मागवल्या आणि ग्राहकांची वाक्ये त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतली.

प्रश्नांचे गट मी उत्तरांवरून पाडले. उत्तर एकच असेल, तर वेगवेगळ्या शब्दांतले चार प्रश्नही एकच समजायचे. आणि उत्तरे दोन असतील, तर एकसारख्या दिसणाऱ्या प्रश्नाचेही दोन करायचे. मशीन सरकण्याच्या बाबतीत हे मला चुकल्यावर कळले. ‘मागचे ट्रान्झिट बोल्ट काढा’ एवढेच उत्तर मी आधी लिहिले होते. वाहतुकीत आतला टब हलू नये म्हणून हे बोल्ट त्याला जखडून ठेवतात आणि ते तसेच राहिले, तर कपडे पिळले जाताना सगळे मशीन हादरते. मात्र हे उत्तर वाचूनही फोन येत राहिले, कारण दोन वर्षे नीट चाललेल्या मशीनचा मालक कधीच काढून टाकलेले बोल्ट शोधत बसे. त्याच्याकडे एकतर जड चादर एका बाजूला गोळा झालेली असे किंवा मशीनचा एखादा पाय सैल झालेला असे. मग ‘नवे मशीन पहिल्याच धुण्यात हादरते’ आणि ‘जुने मशीन आता हादरू लागले’ असे दोन प्रश्न झाले.

दहाव्या जागेसाठी विक्री विभागाने वाफेच्या धुलाईचा प्रश्न सुचवला होता. नोंदींमध्ये तो एकदाही आलेला नसल्यामुळे मी तो घेतला नाही. त्या जागी ‘धुणे संपले तरी दार उघडत नाही’ हा प्रश्न आला आणि ‘दोन-तीन मिनिटे थांबा, आत पाणी दिसत असेल, तर आधी ते बाहेर सोडा’ असे त्याचे उत्तर झाले. दाराच्या कुलपाच्या रचनेवरचा जुना परिच्छेद चुकीचा नव्हता, पण ओले कपडे आत अडकलेल्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता.

एका ठिकाणी मात्र मी एका ओळीचा हट्ट सोडला. ‘पाणी बाहेर जात नाही’ याला ‘खालचा फिल्टर साफ करा’ हे उत्तर सुटसुटीत दिसते. परंतु गरम पाण्याचे धुणे नुकतेच झाले असेल, तर फिल्टर उघडताच ते पाणी हातावर येते. म्हणून तिथे तीन वाक्ये ठेवली आणि त्यांचा क्रमही ठरवून दिला: प्लग काढा. पाणी थंड होऊ द्या. मगच फिल्टर हळूहळू उघडा.