शहाळ्याने पोटॅशियम भरेल, रेनिन हलणार नाही

«बीपी जास्त आणि पोटॅशियम कमी आलं तर घाबरू नका. हा लघवीच्या गोळीचा आणि आपल्याकडच्या घामाचा परिणाम. रोज एक शहाळं, दोन केळी आणि मीठ बंद. महिन्यात पोटॅशियम जाग्यावर आलं की विषय संपला. अल्डोस्टेरॉन-रेनिनची तपासणी म्हणजे लॅबचा धंदा. सीटीत गाठ दिसली नाही तर तो आजार असूच शकत नाही.»

ठाण्यापासून बेलापूरपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मजकूर फिरतोय. मी ऐरोलीत फिजिशियन आहे आणि रुग्ण तो मोबाइलवर काढून माझ्यासमोर धरतात. त्यातला ‘तो आजार’ म्हणजे प्राथमिक अल्डोस्टेरॉनिझम, अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त सुटण्याचा आजार. मजकुरात थोडं खरंही आहे, म्हणून एकेक मुद्दा सुटा करून बघू.

आधी गोळी. बीपीच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असतं आणि त्याने पोटॅशियम खाली येतं, हे अगदी खरं. प्रश्न असा की तेवढ्याच मात्रेवर शेजाऱ्याचं ४.० राहतं आणि तुमचं ३.१ का होतं? अल्डोस्टेरॉन आधीच जास्त असेल, तर थायझाइडने मूत्रपिंडात पुढे ढकललेलं सोडियम पकडताना पोटॅशियम आणखी वेगाने बाहेर जातं. म्हणजे गोळीने आजार निर्माण केला नाही, झाकलेला होता तो उघडा पाडला. म्हणूनच लघवीच्या गोळीवर असताना पोटॅशियम कमी आलं तरी तपासणी करावी, असं मार्गदर्शक सूचना सांगतात.

घामाचं तर गणितच बसत नाही. एक लिटर घामात पोटॅशियम साधारण ५ मिलिमोल, म्हणजे फारच थोडं. शिवाय घामाने किंवा जुलाबाने पोटॅशियम गेलं, तर मूत्रपिंड ताबडतोब काटकसर करतं आणि चोवीस तासांच्या लघवीतलं पोटॅशियम २० मिलिमोलच्या आसपास किंवा खाली उतरतं. रक्तात कमी आणि लघवीत मात्र भरपूर सापडलं, तर गळती मूत्रपिंडातच आहे.

ही गळती कोण करवतं? मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक बनवतात. ते मूत्रपिंडाला सोडियम राखायला आणि पोटॅशियम सोडायला लावतं. एरवी त्याचा लगाम रेनिनच्या हाती असतो. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की मूत्रपिंड रेनिन सोडतं आणि त्यातून अल्डोस्टेरॉन वाढतं; मीठ पुरेसं झालं की दोन्ही उतरतात. प्राथमिक अल्डोस्टेरॉनिझममध्ये ग्रंथी हा लगाम जुमानत नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या जेरोम कॉन यांनी १९५५ साली असा पहिला रुग्ण मांडला, म्हणून याला कॉन सिंड्रोमही म्हणतात.

आता शहाळं. एका शहाळ्यात साधारण अर्धा ग्रॅम पोटॅशियम मिळतं, केळ्यात त्याहून थोडं कमी. गळती सौम्य असेल तर एवढ्याने रिपोर्टमधला आकडा ३.४ वरून ३.८ होऊही शकतो. पण त्याने अल्डोस्टेरॉन काही कमी होत नाही. मीठ कमी केल्यानेही आकडा सुधारतो, कारण मूत्रपिंडात सोडियम कमी पोचलं की त्याच्या बदल्यात जाणारं पोटॅशियमही कमी होतं. बीपीसाठी मीठ कमी करणं चांगलंच. गंमत अशी की हाच उपाय तपासणीच्या आधी कडकपणे पाळला तर रेनिन थोडं वर येऊन आजार निसटू शकतो. म्हणून नमुना देण्याआधीच्या दिवसांत नेहमीइतकं मीठ खायला आम्ही सांगतो. आणि पोटॅशियम नॉर्मल असणं हा मुळात पुरावाच नव्हे. इटलीत नव्याने बीपी निघालेल्या १,१२५ जणांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ११ टक्क्यांना हा आजार निघाला, आणि ज्यांना अल्डोस्टेरॉन बनवणारी गाठ होती त्यांच्यातही जेमतेम निम्म्यांचंच पोटॅशियम कमी होतं.

(बीपी जास्त, पोटॅशियम कमी असं चित्र रोज ज्येष्ठमध चघळणाऱ्यांतही दिसतं. खोकल्यासाठी महिनोन्महिने घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. त्यात मात्र रेनिनबरोबर अल्डोस्टेरॉनही खाली असतं, त्यामुळे फरक कळतो.)

तपासणीचं म्हणाल, तर त्यात दोन आकडे मोजतात आणि अल्डोस्टेरॉनला रेनिनने भागतात. एक उदाहरण घेतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. घणसोलीचे एक गृहस्थ, वय ४४, महापेला नोकरी. टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशा तीन औषधांवरही बीपी १६४/१०२ आणि पोटॅशियम ३.१. थायझाइड थांबवून चार आठवड्यांनी पाहिलं तर पोटॅशियम ३.३, आणि चोवीस तासांच्या लघवीत ५८ मिलिमोल. म्हणजे गोळी गेली तरी गळती चालूच.

लगेच नमुना घेतला नाही. पोटॅशियम कमी असताना अल्डोस्टेरॉन स्वतःच दबतं आणि गुणोत्तर फसवं कमी येतं. म्हणून आधी पोटॅशियम क्लोराइडचं ते बेचव सिरप देऊन पातळी ४.१ वर आणली. घरी येऊन नमुना नेणाऱ्याला मात्र नको म्हटलं. तो सकाळी साडेसहाला येतो, माणूस नुकताच अंथरुणातून उठलेला असतो आणि नळी बर्फाच्या डब्यात जाते. या तपासणीला उपाशीपोटी राहायची गरज नाही. उठून निदान दोन तास हिंडल्या-फिरल्यावर, मग ५ ते १५ मिनिटं बसवून, सकाळच्या मध्यावर रक्त घ्यायचं. नळी बर्फात ठेवायची नाही. थंडीने रेनिनचं निष्क्रिय रूप सक्रिय होतं, रेनिन खोटं वाढतं आणि गुणोत्तर पडतं.

रिपोर्ट आला: अल्डोस्टेरॉन २४ ng/dL, थेट रेनिन २ µIU/mL, गुणोत्तर १२. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीचा फोन. "डॉक्टर, नेटवर तर तीसच्या वर लागतं म्हणतात. यांचं बाराच आहे, म्हणजे सुटलो ना?"

नाही. इथेच बरेच जण फसतात. २० किंवा ३० ही सीमा रेनिनची सक्रियता ng/mL/h मध्ये मोजली असेल तेव्हाची. आपल्याकडच्या अनेक लॅब थेट रेनिनचं प्रमाण मोजतात, आणि तिथली सीमा अडीचच्या आसपास असते. दोन्ही मापांत साधारण ८ पटींचा फरक आहे. म्हणजे याच गृहस्थांचं गुणोत्तर दुसऱ्या मापाने शंभराच्या घरात गेलं असतं. रिपोर्टवर आधी एकक वाचायचं, मग आकडा.

दुसरी फसगत उलट दिशेची. समजा एखाद्या आजींचं अल्डोस्टेरॉन ५ ng/dL आणि रेनिन सक्रियता ०.१ ng/mL/h. भागाकार ५०! घाबरायचं कारण नाही. खालचा आकडा इतका लहान आहे की कशालाही भागलं तरी उत्तर मोठंच येईल, आणि उतारवयात रेनिन कमी असणं नेहमीचंच. म्हणून गुणोत्तराबरोबर अल्डोस्टेरॉन स्वतः निदान १० च्या वर आहे का, हेही पाहतात. मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर रेनिन दाबून गुणोत्तर वाढवतात, तर टेल्मिसार्टन आणि लघवीच्या गोळ्या रेनिन वाढवून ते कमी करतात. आपल्या गृहस्थांचं टेल्मिसार्टन चालूच होतं, म्हणजे रेनिन वर असायला हवं होतं. तरीही ते तळाशी राहिलं, त्यामुळे निष्कर्ष उलट पक्का झाला. औषधं आपल्या मनाने बंद करू नका. कोणतं थांबवायचं आणि त्याऐवजी काय द्यायचं, हे बीपी किती आहे त्यावर ठरतं. स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर ते बहुधा चार आठवडे थांबवावं लागतं.

गुणोत्तर संशय उभा करतं, निदान करत नाही. एरवी चार तासांत दोन लिटर सलाइन देऊन अल्डोस्टेरॉन खाली येतं का ते बघतात. यांचं पोटॅशियम गोळीशिवायही कमी होतं, रेनिन दबलेलं आणि अल्डोस्टेरॉन २० च्या वर, त्यामुळे ती पायरी गाळता आली.

लॅबचा धंदा? सरसकट पॅकेजांबद्दल माझंही मत फारसं चांगलं नाही. पण ही तपासणी बहुतेक पॅकेजांत नसतेच, ती मुद्दाम लिहून द्यावी लागते, आणि खरी तक्रार ती फार कमी वेळा लिहिली जाते ही आहे. पोटॅशियम कमी, तीन औषधांनीही न बधणारं बीपी, कमी वयात बीपी किंवा घरात चाळिशीच्या आत कुणाला पक्षाघात, यांपैकी काहीही असेल तर ती करायला हवी. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने तर २०२५ मध्ये बीपीच्या सगळ्याच रुग्णांसाठी ती सुचवली आहे. बीपी तेवढंच असलं तरी या आजारात पक्षाघात आणि हृदयाचे अनियमित ठोके जास्त दिसतात. अल्डोस्टेरॉन हृदयाला बीपीपलीकडेही इजा करतं.

सीटीचा मुद्दा सगळ्यात चुकीचा. सोनोग्राफीत अॅड्रिनल धड दिसतही नाही. सीटीत सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ सुटू शकते, आणि मोठी दिसली तरी ती निरुपद्रवी असून खरं काम दुसरी बाजू करत असू शकते. या गृहस्थांच्या सीटीत दोन्ही ग्रंथी नॉर्मल होत्या. मग जांघेतल्या शिरेतून बारीक नळी नेऊन दोन्ही अॅड्रिनल शिरांतलं रक्त वेगवेगळं घेतलं. उजवी शीर आखूड असते आणि थेट महाशिरेत उघडते, त्यामुळे ती चुकते. म्हणून प्रत्येक नमुन्यात कॉर्टिसॉलही मोजून नळी योग्य जागी होती का ते तपासतात. कॉर्टिसॉलच्या तुलनेत डावीकडचं अल्डोस्टेरॉन उजवीपेक्षा सहापट निघालं. चारपट पुरेसं मानतात. दुर्बिणीने डावी ग्रंथी काढली. आता पोटॅशियम सिरपशिवाय ४.४, आणि बीपी एका अॅम्लोडिपिनवर १३२/८४. गोळ्या पूर्ण सुटतात त्या साधारण एक तृतीयांश जणांच्या, हे मी ऑपरेशनच्या आधीच सांगतो.

दोन्ही बाजूंनी स्राव असेल तर ऑपरेशन नाही. तिथे स्पायरोनोलॅक्टोन, सुरुवातीला रोज १२.५ ते २५ मिलिग्रॅम. पुरुषांत छाती दुखू किंवा वाढू लागली तर एप्लेरेनोन. ही औषधं पोटॅशियम राखतात, त्यामुळे वर सिरप किंवा रोजचं शहाळं चालू ठेवलं, त्यातून मूत्रपिंड कमजोर असलं, तर पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. म्हणून सुरू केल्यावर आणि मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघतो. नंतर रेनिनही पुन्हा मोजतो. बीपी उतरलं पण रेनिन अजून तळालाच असेल, तर मात्रा बहुधा अपुरी असते, आणि पोटॅशियम परवानगी देत असेल तर ती वाढवतो.