गणपतीच्या मूर्तीवरच्या सपोर्टच्या डागांबद्दल

★★ "घरच्या गणपतीसाठी १८ सेंटीमीटरची शेंदरी मूर्ती थ्रीडी प्रिंट करून घेतली. सोंडेखाली, आशीर्वादाच्या हाताच्या कोपराखाली आणि चक्क पोटावरही खरवडल्यासारखे डाग आहेत. घासल्यामुळे तिथला रंग पांढुरका पडलाय. विचारलं तर 'सपोर्टचे डाग राहतातच' एवढंच उत्तर मिळालं. चौरंगाची खालची बाजू मात्र गुळगुळीत आहे, मग मूर्तीच का अशी?"

नमस्कार ताई,

दुकानात तुम्हाला मिळालेलं उत्तर अर्धवट होतं, त्याबद्दल माफी मागतो. तुमची फाइल परत उघडून तपासली. डाग पडण्यामागे आमच्या दोन चुका आहेत, आणि चौरंगाबद्दल तुम्ही विचारलंत त्यातच पहिली सापडते.

प्रिंटर खालून वर एकेक थर रचत जातो. चौरंगाच्या पाटाची खालची बाजू म्हणजे हवेतलं सपाट छत, त्याला खालून टेकू लागतोच. अशा छताला नॉर्मल सपोर्ट चांगला. तो खालून सरळ उभा जाळीसारखा चढतो आणि वर पोचल्यावर दोन-तीन दाट थरांची फळी तयार करतो. छताच्या रेघा त्या फळीवर सलग टेकतात, म्हणून ती बाजू तुम्हाला गुळगुळीत मिळाली. तिथे झाडासारख्या फांद्यांचा ट्री सपोर्ट लावला असता तर त्या फांद्यांची टोकं ठिकठिकाणी टेकली असती आणि मधल्या रेघा झोळीसारख्या लोंबल्या असत्या.

आम्ही चौरंगाचा विचार करून सगळ्या मूर्तीलाच नॉर्मल सपोर्ट लावला. हा सपोर्ट सरळ खालीच उतरतो, वाट वळवत नाही. सोंडेच्या टोकाखाली पोट आहे, म्हणून सोंडेचा टेकू पोटावर उभा राहिला. त्याचं वरचं टोक सोंडेला चिकटलं आणि खालचं पोटाला. पोटावर, जिथे काहीच लोंबत नाही तिथे, डाग आला तो यामुळे. ट्री सपोर्टची फांदी बाजूने निघते, पोटाला वळसा घालते आणि फक्त सोंडेच्या टोकाला स्पर्श करते. मूर्तीला तोच लावायला हवा होता.

दुसरी चूक कोनाची, आणि ती मला जास्त लागली. किती कललेल्या भागाला सपोर्ट द्यायचा, हे स्लायसरमध्ये, म्हणजे मूर्तीचे थर आखून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एका आकड्याने ठरतं. आम्ही आधी Cura वापरायचो. त्यात हा कोन उभ्या रेषेपासून मोजतात, म्हणजे ६० लिहिलं की उभ्यापासून ६० अंशांहून जास्त झुकलेल्या भागालाच सपोर्ट मिळतो. आता OrcaSlicer वापरतो. त्यात 'Threshold angle' आडव्या पातळीपासून मोजतात, त्यामुळे त्याच अर्थाने तिथे ३० लिहावं लागतं. आमच्या माणसाने सवयीने ६० लिहिलं. त्यामुळे उभ्यापासून जेमतेम ३० अंश कललेल्या भागांनाही सपोर्ट लागले. पोटाचा खालचा उतार, कानांची मागची बाजू हे सगळं विनाआधार नीट छापलं गेलं असतं. फाइल मीही पाहिली होती. पडद्यावर सपोर्टचं जंगल दिसत असूनही मी थांबवलं नाही.

विनाआधार कुठवर छापता येतं, याचा हिशोब सोपा आहे. नोझलमधून पडणारी रेघ साधारण ०.४ मिलिमीटर रुंद असते. थर ०.२ मिलिमीटरचा असेल आणि भाग ४५ अंश कललेला असेल, तर प्रत्येक थर खालच्या थराच्या ०.२ मिलिमीटर बाहेर येतो, म्हणजे निम्मी रेघ टेकलेली राहते. उभ्यापासून ६० अंशांवर तीच रेघ जवळजवळ ०.३५ बाहेर जाते, टेकायला काठ जवळजवळ उरत नाही आणि ती खाली वाकते. पण थर ०.१२ केला तर त्याच ६० अंशांवर ती ०.२१ च बाहेर येते, पुन्हा निम्मा आधार मिळतो. मात्र सोंडेचं टोक, कोपर, कानाची पाळी हे भाग हवेतच सुरू होतात. त्यांच्या खाली थरच नसतो, त्यामुळे कोन कितीही बदलला तरी तिथे टेकू द्यावाच लागतो.

हे धरून मूर्ती नव्याने छापली. चौरंग वेगळा केला आणि उलटा, पाटाची वरची बाजू प्रिंटरच्या पलंगाला, म्हणजे ज्या सपाट पाटीवर छपाई होते तिला, लावून, पाय वर करून छापला. त्याला एकही सपोर्ट लागला नाही. मूर्ती २० अंश मागे कलवली. त्यामुळे पोटाचा जो उतार आडव्यापासून ४० अंशांवर होता तो ६० वर आला आणि सोंडेखालचा भागही तसाच उभा झाला. मागे कलल्याने बैठकीखाली आणि पाठीला सपोर्ट लागले, पण बैठक चौरंगाला चिकटते आणि पाठ मखराकडे असते. थर ०.१२ चा, कोन ३०, ट्री सपोर्ट, आणि फांद्या फक्त पलंगावरून उगवतील अशी 'On build plate only' ही खूण केली, म्हणजे मूर्तीच्या अंगावर कशाचाच पाय पडणार नाही.

मग उरलं ते सपोर्टचं टोक आणि मूर्ती यांच्यातलं अंतर, स्लायसरमधलं 'Top Z distance'. सपोर्ट कसा सुटतो ते यावर ठरतं, आणि हे अंदाजाने ठरवू नये. आख्खी मूर्ती वाया घालवण्यापेक्षा फक्त कोपराचा भाग कापून चार वेळा छापला. ०.१२ ला सपोर्ट इतका घट्ट बसला की पकडीने ओढावा लागला आणि कोपराचा पापुद्राच निघाला. ०.२४ ला बोटाने सुटला, पण कोपराखालच्या रेघा दोऱ्यासारख्या सुट्या लोंबत होत्या. ०.२ ला थोड्या सैल होत्या. ०.१८ ला सपोर्ट हलक्या पिळाने निघाला आणि रेघा एकमेकींना चिकटलेल्या राहिल्या. हा आकडा आमच्या या शेंदरी पीएलए प्लास्टिकचा आहे. फिलामेंटचं रीळ बदललं की चाचणी पुन्हा करावी लागते.

तुमच्या मूर्तीवरचा पांढुरका रंग घासण्याचाच आहे. गडद पीएलए सँडपेपरने घासला की बारीक ओरखड्यांमुळे फिकट दिसतो, आणि सपोर्ट ओढून तोडला तर ताणामुळेही पांढरा पडतो. ताणाचा पांढरेपणा हीट गनची गरम हवा लांबून दोन-तीन सेकंद फिरवली की बराच जातो. पण पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो, कानासारखा पातळ भाग लगेच वाकतो. म्हणून हे घरी करू नका. या वेळी आम्ही टोकं कटरने एकेक कापली, सँडपेपर लावलाच नाही.

नवी मूर्ती तयार आहे. पोट पूर्ण स्वच्छ आहे. सोंडेच्या टोकाखाली तांदळाएवढा आणि कोपराखाली मसूरडाळीएवढा खरखरीत ठिपका राहिला आहे, मूर्ती हातात घेऊन उलटी केली की दिसतो. दोन्हींचे जवळून काढलेले फोटो तुमच्या नंबरवर पाठवले आहेत, ते आधी पाहा. पसंत पडली तर घरपोच पाठवतो, तिचे पैसे नाहीत आणि जुनी परत करायची गरज नाही. ठिपके नको असतील तर पूर्ण रक्कम त्याच दिवशी परत करतो.

— दुकानाचा मालक