टोकन द्यायच्या आधी ऑफर लेटरमध्ये हे लिहून घ्या

माझ्या मावसभावाने जुळे सोलापुरात रिसेलचा टू बीएचके बघितला, ३८ लाखाला ठरला, एजंट म्हणाला दुसरी पार्टी उद्या टोकन देतीय, म्हणून यानं त्याच संध्याकाळी १ लाख ट्रान्सफर करून टाकले आणि कागद म्हणून काय तर व्हॉट्सॲपवर "टोकन मिळाले" एवढा मेसेज.

नंतर बँकेच्या व्हॅल्युअरने फ्लॅटची किंमत काढली ३३ लाख. बँक ठरलेली किंमत आणि व्हॅल्युएशन यातलं जे कमी त्याच्यावर लोन धरते, याच्या केसमध्ये ८० टक्के. म्हणजे ३० लाख ४० हजार मिळणार म्हणून बसलेला माणूस एकदम २६ लाख ४० हजारावर आला. चार लाख आणायचे कुठून? मालक म्हणाले माघार तुम्ही घेतली, टोकन विसरा. मला फार वाईट वाटलं, कारण एक पानाचं ऑफर लेटर असतं तर हे टळलं असतं.

त्यात पहिली ओळ किमतीची, आकड्यात आणि अक्षरात, आणि त्यात पार्किंग धरलंय का, सोसायटीची मागची थकबाकी आणि ट्रान्सफर फी कोण भरणार तेही तिथंच लिहायचं, नाहीतर भांडण शेवटच्या दिवशी होतं.

टोकन चेकनं किंवा बँक ट्रान्सफरनंच द्या. २०,००० किंवा जास्त रक्कम रोख घ्यायला इन्कम टॅक्स कायद्यातच मनाई आहे. ही रक्कम किमतीतून वजा होणार हेही लिहा. आणि मालकानं सही करून ऑफर मान्य केल्यावरच पैसे सोडा. इंडेक्स टूवर, म्हणजे मालकाच्या खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, नवरा-बायको दोघांची नावं असतील तर सह्या दोघांच्या पाहिजेत, एकाच्या सहीवर विसंबू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अट. "लोन मिळालं नाही तर टोकन परत" एवढं मोघम लिहून भागत नाही, कारण लोन तर मिळालंच होतं, कमी मिळालं होतं! असं लिहा: "किमान ३० लाखाचं लोन मंजूर झालं नाही, किंवा वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्ये बोजा किंवा वाद निघाला, किंवा सोसायटीची एनओसी मिळाली नाही, तर पूर्ण टोकन ७ दिवसांत परत." आणि काही कारण नसताना आपणच मागे हटलो तर किती कापणार तेही प्रामाणिकपणे लिहा, मालकाचंही नुकसान होतंच की.

मुदती दोन लागतात, लोक एकच लिहितात. मालकानं होकार कधीपर्यंत द्यायचा, समजा ३ दिवस, तोपर्यंत सही नाही आली तर ऑफर रद्द. आणि सहीनंतर ॲग्रीमेंट रजिस्टर कधीपर्यंत करायचं, लोन आणि सर्च रिपोर्ट धरून मी तरी ४५ दिवस मागेन. या मुदतीत फ्लॅट दुसऱ्याला दाखवायचा नाही ही ओळही टाका.

भावाचे ५० हजार परत आले, तेही मध्ये चार माणसं घालून. बाकीचे अजून मालकाकडेच आहेत.