तारीख नसलेलं वेळापत्रक: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «दादा, अभ्यासक्रमाच्या पीडीएफवरून वेळापत्रक करा म्हणतोस. पण त्यात ना परीक्षेची तारीख, ना मला रोज किती वेळ मिळतो ते. तरी तू 'सोमवार, संध्याकाळी ७ ते ९' असा तक्ता टाकलास. हे अंदाजपंचे झालं. तारीख येईपर्यंत काही करता येत नाही, हे सरळ सांग ना.»

उत्तर: '७ ते ९' ही माझी चूक. ती वेळ माझ्या मनाची होती आणि तसं मी लिहिलंही नाही. तक्ता काढून टाकतोय. पण तारखेची वाट बघत बसायचं, हे मला पटत नाही. तारखेशिवाय वेळापत्रकाचा मोठा भाग तयार होतो, फक्त त्यात वार आणि घड्याळ नसतं.

पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमधला दुसऱ्या वर्षाचा कॉम्प्युटरचा डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स घे. पीडीएफ सांगते की आठवड्याला तीन तास शिकवायचं, युनिटं सहा, पहिली दोन इन-सेमला ३० गुणांना आणि उरलेली चार एंड-सेमला ७० गुणांना. म्हणजे तारखा माहीत नसल्या तरी पहिला टप्पा कुठे संपतो ते ठरलेलंच आहे. क्रमाचंही तसंच. सेट थिअरीशिवाय रिलेशन्स कळत नाहीत, ग्राफ थिअरीशिवाय ट्रीज कळत नाहीत, आणि शेवटचं अल्जिब्राइक स्ट्रक्चर्स रिलेशन्स-फंक्शन्स पक्कं असल्याशिवाय उघडूच नये. तिसरं, काउंटिंगचं युनिट मात्र बरंचसं सुटं आहे. ते मागेपुढे सरकवता येतं.

आता तास. युनिटापुढे कंसात असतात ते शिकवण्याचे तास, तुझ्या अभ्यासाचे नव्हेत. बहुतेक जण इथेच फसतात. आठवड्याला तीन तास, चौदा आठवडे धरले तर ४२. हिशेबाच्या सोयीसाठी प्रत्येक युनिटाला सात धरू. शिकवण्याच्या एका तासाला तुला घरी किती वेळ लागतो, ते मोजूनच कळेल. पहिल्या युनिटातले दोन मुद्दे घे, पाऊण तासाची एक बैठक धर, आणि उदाहरणं पुस्तक न बघता सुटेपर्यंत किती बैठका लागल्या ते लिहून ठेव. समजा तासाला दोन लागल्या. मग पूर्ण विषय ८४ बैठकांचा, त्यातल्या इन-सेमच्या २८.

माझ्या मते वेळापत्रक म्हणजे हीच यादी: बैठक १ ते ८४, प्रत्येकीपुढे एक मुद्दा. वार नाही, वेळ नाही.

मोकळे तास विचारून कुणालाच नीट सांगता येत नाहीत. सगळे 'रोज तीन तास' म्हणतात! त्यापेक्षा एक आठवडा रोज रात्री, प्रत्यक्षात किती बैठका झाल्या तेवढंच वहीत टाक. सात झाल्या तर विषयाला बारा आठवडे, बारा झाल्या तर सात आठवडे, चौदा झाल्या तर सहा. हा आकडा फक्त या एका विषयाचा आहे बरं का. बाकीचे विषय आणि प्रॅक्टिकलच्या फाइली त्याच आठवड्यातून वेळ खाणार.

मग एक दिवस तारीख लागते. समजा इन-सेम तीन आठवड्यांवर आली. शेवटचा आठवडा जुन्या प्रश्नपत्रिकांना ठेवला की उरले दोन, म्हणजे २८ बैठकांसाठी आठवड्याला १४ हव्यात. वहीत सातच दिसत असतील तर हातात १४ बैठका आहेत, निम्म्याच. इथे 'पहिलं युनिट पूर्ण करतो, दुसरं सोडतो' असं वाटतं, पण ते महागात पडतं. इन-सेमच्या पेपरात पर्याय एकाच युनिटाच्या दोन प्रश्नांमध्ये असतो (प्रश्न १ किंवा २, प्रश्न ३ किंवा ४), त्यामुळे सोडलेलं युनिट म्हणजे ३० पैकी १५ गुण गेले. त्यापेक्षा दोन्ही युनिटांना तासामागे दोनऐवजी एकच बैठक दे, आणि जी उदाहरणं जुन्या पेपरांत वारंवार दिसतात तीच सोडव. समज कच्ची राहील, मान्य.

यादी चुकतेय हे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच दिसतं: एकाच मुद्द्यावर सलग तीन बैठका जातात. तेव्हा जास्त वेळ बसू नकोस, तासामागे दोनऐवजी तीन धरून पुढचे आकडे पुन्हा काढ. माझ्या दुसऱ्या वर्षी मी ते केलं नाही, रंगीत तक्ता मात्र भिंतीवर छान दिसत होता.

आणि पीडीएफ उघडल्यावर आधी पहिल्या पानावरचं पॅटर्नचं वर्ष बघ. ग्रुपवर फिरणारी फाइल जुन्या पॅटर्नची निघाली तर कुठलं युनिट इन-सेमला येतं, हा वरचा सगळा हिशेबच बदलू शकतो. तुझ्या फाइलवर कुठलं वर्ष आहे?