किंगफिशरची बिअर बुडाली नाही हो!

«ब्रँडिंग पेपर, लास्ट मिनिट नोट्स. १) लाइन एक्स्टेंशन सेफ, कारण कॅटेगरी तीच, ब्रँड एक्स्टेंशन रिस्की. २) किंगफिशरने एअरलाइन काढली, ती बुडाली आणि बिअरचा ब्रँडही डायल्यूट झाला. ३) नवीन व्हेरिएंट खपला म्हणजे एक्स्टेंशन यशस्वी. ४) कोलगेटने लझान्या विकला आणि टूथपेस्टचा खप पडला. सगळ्यांना फॉरवर्ड करा, हमखास येतं!»

ही नोट माझ्या भाचीच्या फोनवर तीन वेगवेगळ्या ग्रुपमधून आली. लाइन एक्स्टेंशन म्हणजे त्याच प्रकारच्या मालात त्याच नावाचा नवा प्रकार, ब्रँड एक्स्टेंशन म्हणजे तेच नाव वेगळ्या धंद्यात नेणं, आणि डायल्यूट होणं म्हणजे त्यापायी मूळ नावाची लोकांच्या मनातली ओळख फिकी पडणं. तिनं मुद्दा क्रमांक दोन वहीत उतरवून त्याखाली लाल रेघही मारली होती. तेव्हा सुरुवात तिथूनच.

किंगफिशर एअरलाइन्स मे २००५ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये तिची विमानं जमिनीवर आली. पगार थकले, कर्मचारी संपावर गेले, बँकांचं कर्ज बुडालं. मालकाचं नाव रोज बातम्यांत होतं. एखाद्या ब्रँडची याहून वाईट जाहिरात होऊ शकत नाही. आणि बिअर? किंगफिशर ही त्या काळातही देशातली सर्वाधिक खपणारी बिअर होती आणि पुढेही राहिली. २०२१ मध्ये डच बिअर कंपनी हायनकेननं किंगफिशर बनवणाऱ्या युनायटेड ब्रुअरीजमधला आपला हिस्सा निम्म्याच्या वर नेला, तो काही मेलेल्या ब्रँडसाठी नव्हे. उलट बँकांनी एप्रिल २०१६ मध्ये एअरलाइनचे ट्रेडमार्क लिलावात काढले तेव्हा राखीव किंमत ३६६ कोटी ७० लाख रुपये होती आणि एकही बोली आली नाही. नाव तेच, पक्षी तोच. एका धंद्यात त्याला कुणी विचारेना, दुसऱ्यात ते बिनघोर चाललेलं.

असं का झालं, हे लिहिलंत तर गुण मिळतील. ब्रँडिंगचे अभ्यासक केव्हिन केलर आणि संजय सूद यांनी २००३ मध्ये डायल्यूशनच्या अटी मांडल्या, त्या इथे पुरेशा आहेत. एक्स्टेंशनमधला अनुभव ठळक हवा, तो मूळ ब्रँडबद्दल काहीतरी सांगणारा हवा आणि मूळ ब्रँडबद्दलच्या समजुतीशी विसंगत हवा. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच मूळ ब्रँडचा रंग फिका पडतो. किंगफिशरच्या बाबतीत पहिली अट पुरेपूर भरते. दुसरीवर गाडी अडते. वैमानिकांचा पगार थकला यावरून बाटलीतल्या बिअरची चव कशी असेल याचा काहीच अंदाज बांधता येत नाही, आणि पिणाऱ्यानं तो बांधलाही नाही. एअरलाइनऐवजी किंगफिशर नावाचं एखादं पेय बेचव निघालं असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती.

(दारूच्या थेट जाहिरातीला टीव्हीवर बंदी असलेल्या देशात बिअरचं नाव आकाशात रंगवून फिरवण्याचा मोह कुणाला होणार नाही? हा हिशेब नोट्समध्ये कधीच नसतो.)

आता याच कंपनीचं जे उदाहरण खरोखर परीक्षेत लिहायला हवं, ते नोटमध्ये नाही. २००७ मध्ये या समूहानं एअर डेक्कनमध्ये हिस्सा घेतला. डेक्कन म्हणजे स्वस्त तिकीट आणि बाकी काही मागू नका. किंगफिशर म्हणजे सीटसमोर पडदा, गरम जेवण, अदबशीर स्वागत. २००८ मध्ये त्या स्वस्त सेवेचं नाव ठेवलं किंगफिशर रेड. धंदा तोच, विमानप्रवासाचा. दर्जा खालचा आणि नाव सामाईक. म्हणजे हे लाइन एक्स्टेंशन, तेही खालच्या दिशेनं ताणलेलं. तीन अटी पुन्हा लावून बघा. प्रवासाचा अनुभव ठळक आहे. किंगफिशरचं विमान कसं असतं, हे तो थेट सांगतो. आणि आलिशानपणाच्या समजुतीला तो छेद देतो. जादा पैसे मोजणाऱ्याला मग प्रश्न पडतोच की हे नाव नेमकं कशाची हमी देतं. सप्टेंबर २०११ मध्ये रेड बंद करत असल्याचं कंपनीनंच जाहीर केलं. एअरलाइन बुडण्याचं हे एकमेव कारण नव्हतं. कर्ज आणि इंधनाचा खर्च जास्त मोठे होते. पण डायल्यूशनचा धोका दाखवायचा तर तो इथे आहे, बिअरमध्ये नाही.

म्हणजे पहिला मुद्दाही गेलाच. «कॅटेगरी तीच म्हणून सेफ» हे वाक्य उलटं आहे. डेबोरा रोडर जॉन, बार्बरा लोकेन आणि ख्रिस्तोफर जॉयनर यांचा १९९८ चा अभ्यास जॉन्सन अँड जॉन्सनवर होता. नव्या उत्पादनाबद्दल प्रतिकूल माहिती दिली, तर त्यांच्या बेबी शॅम्पूबद्दलची लोकांची समजूत ढळते का, हे त्यांनी तपासलं. प्रमुख उत्पादनाबद्दलची समजूत बहुतेक वेळा टिकून राहिली. ती हलली ती नवं उत्पादन त्याच प्रकारचं असताना, म्हणजे लाइन एक्स्टेंशनमध्ये. हे प्रयोग आहेत, बाजार नव्हे, हे मान्य. पण तर्क पटण्यासारखा आहे. लांबच्या उत्पादनाला लोक अपवाद म्हणून बाजूला ठेवतात, जवळच्याला ठेवता येत नाही.

अर्धं सत्य नोटच्या पदरात टाकतो. नवं उत्पादन स्वीकारलं जाईल का, एवढाच प्रश्न असेल, तर जवळची कॅटेगरी खरंच सोपी जाते. डेव्हिड आकर आणि हेच केलर यांनी १९९० मध्ये दाखवलं की मूळ ब्रँड आणि नवं उत्पादन यांचा मेळ लोकांना दिसला नाही, तर मूळ ब्रँडचा दर्जा एक्स्टेंशनच्या फारसा कामी येत नाही. पण एक्स्टेंशन फसण्याचा धोका आणि मूळ ब्रँड फिका पडण्याचा धोका हे दोन वेगळे धोके आहेत. नोटमध्ये त्यांची खिचडी झाली आहे.

तिसरा मुद्दा आकड्यांनीच मिटतो. समजा, जुन्या पाकिटावर १२ रुपये सुटतात आणि नव्या फ्लेवरवर ८. नवी १०० पाकिटं खपली, त्यातली ६० घेणारे आधी जुनंच घ्यायचे. नव्यावर ८०० मिळाले, जुन्यावरचे ७२० गेले. हाती ८० रुपये, आणि त्यातून जाहिरात व दुकानातल्या जागेचा खर्च अजून वजा व्हायचा आहे. नव्याचा नफा भागिले जुन्याचा नफा, म्हणजे इथे ८ भागिले १२, सुमारे ६७ टक्के. नव्याच्या खपात जुन्यावरून वळलेल्या ग्राहकांचं प्रमाण याच्या पुढे गेलं की खप कितीही दिसो, कंपनी पैसे गमावते आहे. याला कॅनिबलायझेशन म्हणायचं, डायल्यूशन नव्हे. इथे जुन्याचा खप पडतो, पण त्याबद्दलचं लोकांचं मत चांगलं राहू शकतं. म्हणून डायल्यूशन झालं का हे खपाच्या तक्त्यातून कळत नाही. एक्स्टेंशन पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या, अशा दोन गटांना मूळ उत्पादनाच्या ज्या गुणाला एक्स्टेंशन छेद देतं, त्याबद्दल विचारावं लागतं.

राहिला कोलगेटचा लझान्या, म्हणजे तो इटालियन खाद्यपदार्थ. त्याचं जे खोकं सगळीकडे फिरतं, ते स्वीडनमधल्या अपयशांच्या संग्रहालयासाठी बनवलेली प्रतिकृती आहे. टूथपेस्टचा खप त्यामुळे पडला याला आधार काय, हे फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी कुणी सांगत नाही. परदेशी उदाहरणच हवं असेल, तर कॅडिलॅक सिमरॉन लिहा. जनरल मोटर्सनं १९८२ च्या मॉडेलसाठी शेव्हर्ले कॅव्हलियरच्याच सांगाड्यावर, चार सिलिंडरचं इंजिन घालून, जास्त किमतीची छोटी कॅडिलॅक काढली आणि १९८८ पर्यंत विकली. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर दिसत होत्या. कॅडिलॅक या नावाचे जादा पैसे कशाचे, हे लोकांना तिथेच विचारता येत होतं.