कारखाना वाचवायला निघालात? मग संस्कृतीचा अभ्यास जेवणाआधी उरका

अभिनंदन. आजारी सहकारी साखर कारखान्याला वर काढायचं काम सल्लागार म्हणून तुम्हाला मिळालंय. बँकेने कर्जाच्या पुनर्गठनाला अट घातलीय, संचालक मंडळाने तोंड वाकडं करून ठराव केलाय आणि तुमच्या प्रपोजलमध्ये कुठेतरी लिहिलंय की पहिले तीन दिवस संस्थेच्या संस्कृतीचा अभ्यास. तीन दिवस? अहो, गेस्ट हाऊसवर मटण सांगितलंय. दुपारच्या आत उरका.

साधन तयारच आहे. जॉन्सन आणि स्कोल्स या दोघांचं कल्चरल वेब नावाचं चित्र घ्या. मधे एक गोल, त्यात इथले लोक काय गृहीत धरून चालतात ते, आणि भोवती सहा गोल: गोष्टी, प्रतीकं, सत्ता, रचना, नियंत्रण, रोजचे रिवाज. स्लाइडवर फार देखणं दिसतं. आधी मधला गोल भरून टाका, "बदलाला विरोध" लिहा, ते कुठेही चालतं. मग बाहेरचे सहा त्याला जुळतील असे भरा. उलट क्रमाने करायला गेलात, म्हणजे आधी बाहेरचं बघायचं आणि त्यावरून मधलं ओळखायचं, तर बसलात आठवडाभर चिखलात बूट घालून.

पहिलं म्हणजे गोष्टी. सगळ्यांना मीटिंग हॉलमध्ये बोलवा, एमडींना समोर बसवा आणि विचारा, "इथली संस्कृती कशी आहे?" सगळे म्हणतील कुटुंबासारखी. लिहून घ्या. पुढे जा. आम्हीही आमच्या वेळी हेच केलं होतं (कारखान्याचं नाव सांगत नाही, तिथे अजून आमचे पैसे अडकलेत), वर फॉर्मही वाटले होते, आणि टाइमकीपरने ते सगळे एकाच निळ्या पेनाने भरून दिले, सगळीकडे "पूर्ण सहमत".

चूक एकच झाली. आमच्यातला एक पोरगा बिडी ओढायला बाहेर गेला आणि शिफ्ट सुटताना बॉयलरवरच्या माणसाला सहज म्हणाला की मामा, मागच्या सीझनचा सगळ्यात वाईट दिवस कुठला हो? मामांनी वाईट दिवस सांगायचा सोडून मोठ्या साहेबांची गोष्ट सांगितली. मोठे साहेब म्हणजे संस्थापक चेअरमन. एका वर्षी शेतकऱ्यांचं बिल द्यायला पैसे नव्हते, तर साहेब रातोरात मुंबईला गेले, कुणाला भेटले देव जाणे, आणि सकाळी पैसे घेऊन आले. पोरगा येडा, त्याने हीच गोष्ट कॅशियरला विचारली, मग एका सभासदाला, मग एका संचालकाला. कॅशियरच्या गोष्टीत पैसे बँकेचे होते, सभासदाच्या गोष्टीत सरकारचे, संचालकाच्या गोष्टीत साहेबांनी स्वतःची जमीन गहाण टाकलेली. शेवट मात्र चौघांचाही एकच, "तेव्हापासून सांगतो, हा कारखाना बुडत नसतो."

आता यातून कुणी असा अर्थ काढेल की या लोकांच्या मनात पैसा उसातून येतच नाही, तो मुंबईहून येतो, आणि म्हणून तोटा ही कुणाला आपली अडचण वाटत नाही. तुम्ही असले अर्थ काढू नका. "समृद्ध वारसा" लिहा आणि मोठ्या साहेबांच्या पुतळ्याचा फोटो टाका.

पुतळ्यावरून आठवलं, प्रतीकं. पुतळा, झेंडा, लोगो, झालं. गेटवरच्या फलकाकडे बिलकुल बघू नका. आमच्या इथे होता, लांबून ट्रॅक्टरवाल्यालाही दिसेल एवढा: आजचं गाळप, एकूण गाळप, मागच्या वर्षी याच तारखेचं गाळप. साखर उतारा मात्र त्यावर नाहीच. म्हणजे किती टन ऊस पिळला ते सगळ्या तालुक्याला माहीत आणि त्या उसातून साखर किती निघाली ते लॅबच्या कपाटात. उतारा काय चीज आहे ते सांगतो, तुम्ही विसरून जा. पाच लाख टन गाळपाला उतारा नुसता अर्धा टक्का घसरला तर २५०० टन साखर गेली, म्हणजे २५ हजार क्विंटल. सरकारने २०१९ मध्ये ठरवलेल्या ३१ रुपये किलोच्या किमान दराने धरलं तरी पावणेआठ कोटी. हे पावणेआठ कोटी कुठल्याच फलकावर लिहिलेले नसतात, त्यामुळे ते कुणाचेच गेलेले नसतात.

सत्ता कुणाकडे आहे हे शोधायला एचआरकडून चार्ट मागा. वर चेअरमन, मग एमडी, मग मुख्य शेतकी अधिकारी, मग गटाचे लोक, सगळ्यात खाली शेतावर जाऊन उसाची नोंद घेणारा चिटबॉय. बाणही खालीच जातात. आमचा तो पोरगा तेवढ्यावर थांबला नाही. तो पाच शेतकऱ्यांना एकेकटं गाठून विचारत बसला की तुमच्या उसाला तोड हवी असली तर फोन कुणाला करता? चौघांनी एकच नाव घेतलं, पाचवा म्हणाला नाव कशाला, तो काय लपून आहे का. तर हा माणूस म्हणजे शेतकी ऑफिसातला एक क्लार्क, त्याला केबिन नाही, चार्टवर चौकोन नाही, पण उद्या ऊसतोडीची कुठली टोळी कुणाच्या फडात जाणार ती यादी त्याच्या हातून निघते. संध्याकाळी सहाला यादी टाइप होते, नऊपर्यंत त्याचा फोन वाजत राहतो, आणि सकाळी वजनकाट्यावर जो ऊस येतो त्यातला निम्मा यादीत नसतोच. आम्ही एक दिवस यादी आणि काट्याच्या पावत्या शेजारी ठेवून पेनाने टिक करत गेलो, तेव्हा कळलं. काम अर्ध्या तासाचं आहे. करू नका.

कारण ते केलं की उताऱ्याचं कोडं सुटायला लागतं आणि मग मटण थंड होतं. ऊस तयार झाला की तोडायचा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऊस लावला तर ती आडसाली लागण, ती दीड वर्षाच्या आसपास जाते, जानेवारीतली 'सुरू' लागण वर्षभरात, आणि कोवळा तोडला तर साखर कमी. तोडल्यावर चोवीस तासांत मिलच्या गव्हाणीत पडला तर ठीक, नाहीतर वजन घटतं आणि आतली साखर फुटायला लागते, मग ती पोत्यात न येता मळीत जाते. फोनवर तोड मिळायला लागली की संचालकाच्या पाहुण्याचा कोवळा ऊस आधी येतो आणि ज्याचा कुणी नाही त्याचा पिकून तुरे येऊन फडातच वाळतो. मग तो बिचारा काय करतो? रात्री काडी लावतो. जळीत ऊस आधी न्यावा लागतो ना. दरात कपात होते, पण तोड तरी मिळते. जळिताचं वेगळं रजिस्टर असतं. ज्या गटात फोन जास्त चालतो त्याच गटात आग जास्त का लागते, असा प्रश्न मनात आला तर पाणी प्या.

रोजचे रिवाज फारच सोपे. बॉयलर अग्निप्रदीपन, मोळीपूजन, पहिल्या पोत्याची पूजा, फोटोच फोटो. सकाळची नऊची मीटिंग पण घ्या, चहा चांगला असतो. संचालकांना कपबशी आणि बाकीच्यांना कागदी कप, हे लिहायची गरज नाही. मिल बंद पडल्याच्या नोंदी मात्र चाळू नका. आम्ही चाळल्या. एका रात्री मिल तीन तास दहा मिनिटं उभी होती. मिल हाऊसच्या रजिस्टरला कारण "ऊस नाही". शेतकीच्या रजिस्टरला त्याच वेळी यार्डात गाड्या उभ्या, आणि कारण "मिल बिघाड". दोन्हीवर सह्या, दोन्ही बरोबर. नऊच्या मीटिंगला एमडींनी विचारलं, रात्री काय झालं? दोघंही म्हणाले, किरकोळ. विषय संपला आणि आजचं गाळप किती धरायचं यावर चर्चा सुरू झाली. ते "किरकोळ" ऐकायला मी मुद्दाम पुढचे सहा दिवस त्या मीटिंगला गेलो, सहाही दिवस ऐकायला मिळालं.

एवढं हातात असून आम्ही काय केलं? तुम्ही कराल तेच केलं. संस्कृतीची स्लाइड अकराव्या नंबरला टाकली आणि बाराव्यापासून सॉफ्टवेअर. लागणीच्या तारखेनुसार कॉम्प्युटरच तोडीचा क्रम लावणार, शेतकऱ्याला एसएमएस जाणार, माणसाचा हात नाही, फोन नाही. टाळ्या पडल्या. तो क्लार्कही टाळ्या वाजवत होता, आणि तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं.

सॉफ्टवेअर उत्तम चाललं. क्रम काटेकोर लागला. उतारा जागचा हलला नाही. मग आम्ही एका फडात जाऊन बघितलं तर कागदावर जुलैची लागण आणि समोर ऊस उभा तो बघून पोरगंही सांगेल की दिवाळीनंतरचा आहे. नोंदीच मागच्या तारखांच्या होत्या. वर्षानुवर्षं लोकांना माहीत होतं की नंबर तारखेवर लागतो, मग तारीखच आधीची घालून घ्यायची, आणि नोंद घेणारे चिटबॉय कुणाचं ऐकणार ते वर आलंच आहे. कॉम्प्युटरने खोटं अगदी प्रामाणिकपणे ओळीत लावलं. त्यात भर म्हणजे आता शेतकऱ्याला भांडायलाही माणूस उरला नाही, क्लार्क हात वर करून म्हणायचा, दादा, सिस्टीमनं लावलंय. त्याची सत्ता कमी व्हायच्या ऐवजी त्याची जबाबदारी तेवढी गेली.

आधी करण्यासारखं होतं म्हणा. नोंदलेले काही फड पायी फिरून तपासायचे, गेटच्या फलकावर गाळपाच्या वर उतारा लिहायचा, यादी संध्याकाळी ऑफिसबाहेर चिकटवायची आणि सकाळी तिच्याशेजारी काट्याची यादी चिकटवायची. खर्च म्हणाल तर रंगाचा डबा आणि खळ. पण त्याला कुणी लाखात फी देत नाही, आणि फलकाचं एमडींना सुचवलं तेव्हा ते म्हणाले, अहो उतारा कमी दिसला तर सभासद विचारतील ना. फलक बदलला खरा. डिजिटल झाला, चेअरमनच्या फोटोसकट.

तर तुम्ही निश्चिंत जा. उसाचं बिल १४ दिवसांत द्यायचा कायदा आहे, तिथे शेतकऱ्याला ते कधी मिळतं बघा, म्हणजे तुमच्या बिलाचा अंदाज येईल. मी मागच्या आठवड्यात आमच्या शेवटच्या हप्त्याचं विचारायला गेलो होतो. कॅशियरने खुर्ची दिली, चहा सांगितला (कपबशी होती, बरं का) आणि म्हणाला, "साहेब, टेन्शन घेऊ नका. तुम्हाला मोठ्या साहेबांची ती गोष्ट कुणी सांगितली का नाही?"