सहा मिशांचा बटाटा

आमच्याकडे रोज संध्याकाळी साडेसातच्या सुमारास माझी तोंडी परीक्षा असते. परीक्षक साडेचार वर्षांची आहे. मी ऑफिसातून येऊन बूट काढत असतो, तेवढ्यात नाकासमोर कागद येतो आणि प्रश्न येतो, "बाबा, ओळख हे कोण?"

"अरे वा, किती छान!" हे उत्तर धरलं जात नाही. "तूच सांग ना गं," असं म्हणून पाहिलं, तर म्हणाली, "मी सांगितलं तर तू ओळखलंस कसं?" मुद्दा बिनतोड होता. उत्तर चुकलं की परीक्षक डायनिंग टेबलाखाली जाऊन बसते आणि तिला बाहेर काढायला एक केळं आणि वीस मिनिटं लागतात.

सासरेबुवांनी यावर तोडगा काढलाय. ते प्रत्येक चित्राला "गणपतीबाप्पा!" म्हणतात. पोट मोठं, हातपाय बारीक, कुठूनतरी एक रेघ लोंबतेय, म्हणजे दहात चार वेळा तरी खपून जातं. बाप्पा म्हटल्यावर फार रडताही येत नाही. मला मात्र ही सवलत नाही, कारण तिच्या मते "बाबा टीव्ही बघतो, त्याला सगळे माहितीयेत."

माझी पहिली मोठी नापासी शिनचॅनची. एक वाटोळा चेहरा आणि डोळ्यांवर काळ्या खडूचे दोन जाडजूड पट्टे. मी म्हणालो, "रागावलेले काका." टेबलाखालून पुढची वीस मिनिटं हुंदके आले. बायकोने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून एकदा पाहिलं आणि म्हणाली, "अरे, भुवया बघ ना!" खरंच होतं. शिनचॅनचा लाल शर्ट, पिवळी चड्डी सगळं गाळलं तरी चालतं, भुवया राहिल्या की शिनचॅन राहतो. पोरीने नेमकं तेवढंच काढलं होतं, तेही खडू कागद फाटेपर्यंत दाबून. तेव्हापासून मी चित्र हातात आलं की आधी कागद उलटा करून बोटाने चाचपतो. जिथे खडू सगळ्यात जोरात दाबलाय, तिथे उत्तर असतं.

आता गेल्या मंगळवारचा पेपर सांगतो. कागदावर एक मोठा पिवळा गोल. गोल म्हणजे बटाटा म्हणा. बटाट्याच्या दोन्ही बाजूंनी थेट हात निघालेले, खालून थेट पाय. मान नाही, पोट नाही. मध्ये लाल ठिपका, त्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या रेघा, खाली मोठं हसरं तोंड. तोंडाखाली अर्धा चंद्र. त्याच्याही खाली लाल रेघ आणि तिला लटकलेला एक छोटा गोळा. डोक्यावर एक उभी काडी आणि काडीवर आडवी काडी.

पिवळा म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. कार्टूनच्या दुनियेत पिवळ्यांची वस्ती सगळ्यात दाट आहे. पिकाचू पिवळा, मिनियन पिवळे, स्पंजबॉब पिवळा, ट्वीटी पिवळा. मी तोंड बंद ठेवून एकेकाला वजा करायला लागलो.

पिकाचू असता तर काळ्या टोकांचे दोन लांब कान हवेत, गालांवर दोन लाल ठिपके हवेत. इथे लाल ठिपका एकच आणि तो बरोब्बर मधोमध. मिनियनला चष्मा हवा, निदान एक डोळा तरी बशीएवढा हवा. नव्हता. स्पंजबॉबवर मात्र मी जरा रेंगाळलो. तो चौकोनी हे खरं, पण या वयाच्या हाताला गोल आधीपासून येतो आणि चौकोनाचे कोपरे नुकते कुठे जमू लागलेले असतात, त्यामुळे काढायला घेतलेला चौकोन बटाटा होऊन संपू शकतो. आकारावर फार विसंबू नये ते यासाठी. पण स्पंजबॉबला पुढचे दोन दात असतात आणि अंगभर भोकं. पोरं भोकं कधी सोडत नाहीत, भोकं पाडायला मजा येते. इथे एकही नव्हतं.

मग मी रेघा मोजल्या. डावीकडे तीन, उजवीकडे तीन. कागद उलटा केला. सहाही रेघा मागे उमटल्या होत्या.

सहा मिशा, लाल नाक, लाल पट्टा, त्याला घंटा. उत्तर जिभेवर आलं होतं, पण दोन गोष्टी अडत होत्या. तो अर्धा चंद्र हनुवटीवर काय करतोय? आणि निळा माणूस पिवळा कसा?

पहिल्याचं उत्तर हातपायांनी दिलं. या वयाची बरीच मुलं डोक्यालाच हातपाय लावतात. डोकं आणि धड त्या एकाच गोलात राहतात. मग पोटावरची वस्तू जाणार कुठे? तोंडाखाली. तो अर्धा चंद्र म्हणजे खिसा होता, ज्यातून जगातलं काहीही निघतं तो. ल्युके नावाच्या एका फ्रेंच अभ्यासकाने 1927 साली लिहून ठेवलंय की मूल जे दिसतं त्यापेक्षा जे माहीत असतं ते काढतं. पोट काढायचं राहिलं तरी खिसा राहत नाही, कारण सगळी गंमत खिशात असते.

दुसऱ्याचं उत्तर मला खडूच्या डबीत मिळालं. बारा खडूंपैकी निळ्याचा शेंगदाण्याएवढा तुकडा उरला होता. सोमवारी तिने समुद्र काढला होता. दोन कागद आणि फ्रिजचा दरवाजा मिळून. म्हणून सांगतो, रंगावरून उत्तर देण्याआधी डबी उघडून बघावी.

डोक्यावरची काडी म्हणजे अर्थातच उडायचं बांबूकॉप्टर.

"डोरेमॉन!" मी ओरडलो.

पोरगी उडी मारून गळ्यात पडली. मला इतका चेव आला की मी पुढे ज्ञानही पाजळलं. "आणि तुला माहितीये का, डोरेमॉन आधी पिवळाच होता! त्याला कानसुद्धा होते. ते यंत्राच्या उंदराने कुरतडले, मग तो रडून रडून निळा झाला." हे मी मनचं सांगत नव्हतो, त्याची जन्मकथा खरंच अशी आहे. पण ऐकता ऐकता पोरीचा चेहरा उतरत गेला. मिशीवाल्या बटाट्याकडे बघत तिने विचारलं, "म्हणजे याचे कान खाल्ले?" आणि डोळे भरून आले. उत्तर बरोबर येऊनही टेबलाखाली प्रयाण. केळी संपली होती.

रात्री ती झोपल्यावर मी कागदाच्या मागे पेन्सिलने तारीख घातली आणि लिहिलं, "डोरेमॉन". म्हटलं, पुन्हा प्रश्न आला तर उत्तर हाताशी असावं.

सकाळी दूध पिताना तिने चित्र पुन्हा हातात घेतलं. निरखून पाहिलं. मग डबीतून तपकिरी खडू काढून बटाट्याला मागे एक शेपूट जोडली आणि वर दोन उभे कान काढले.

"बाबा, ओळख हे कोण?"

मी सावधपणे कागद उलटा केला. ती म्हणाली, "मागे काय लिहिलंय?"

"डोरेमॉन."

"खोड ते," ती म्हणाली. "हा मोती आहे. खालच्या काकूंचा."